साहेबांना दाखवायची स्लाइड

जानेवारी २००३. अमेरिकेचं ‘कोलंबिया’ हे अवकाशयान सात जणांना घेऊन पृथ्वीभोवती फिरत होतं. त्या सातांमध्ये करनालची कल्पना चावला होती. १६ जानेवारीला यान उडालं आणि दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत पोचलं, कामकाज सुरू झालं. इकडे जमिनीवर इंजिनिअर मंडळी हिशोब करत बसली होती, की या धडकेनं यानाचं किती नुकसान झालं असेल? जे हाती लागलं ते त्यांनी वरिष्ठांना स्लाइडवर दाखवलं.

त्यातली एक स्लाइड पुढे जगभर अभ्यासली गेली. तिच्या शीर्षकाचा आशय असा होता, की चाचण्यांची माहिती पाहता आपलं गणित सुरक्षित बाजूला झुकणारं आहे. शीर्षकाखाली बुलेट, बुलेटखाली छोटी बुलेट, त्याखाली आणखी छोटी, असा मजकूर भरला होता. अगदी तळाशी मात्र एक ओळ होती. चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि यानावर आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. चाचणीतला तुकडा तीन-साडेतीन मोठे चमचे भरतील एवढा, तर प्रत्यक्षातला तीस लिटरच्या डब्यापेक्षा मोठा. आपल्या चाचण्या या घटनेला लागूच पडत नाहीत, हा त्या ओळीचा अर्थ. शीर्षक धीर देत होतं आणि तळाची ओळ तो धीर काढून घेत होती.

१ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं आणि सातही जण गेले. चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. अपघाताची कारणं अनेक होती आणि एका स्लाइडमुळे यान पडलं असं मंडळानं म्हटलं नाही. पण माहितीचं चित्रण या विषयातले अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं त्या स्लाइडचं विश्लेषण मंडळानं आपल्या अहवालात घेतलं, आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. टफ्टींनी शब्दही मोजले होते. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द वेगवेगळ्या रूपांत त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला होता, आणि दर वेळी त्याचा अर्थ नेमका काय ते वाचणाऱ्यानं ताडायचं होतं.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत रोज बनणाऱ्या पीपीटींवर कोणाचा जीव अवलंबून नसतो. पण रचना बहुतेक वेळा हीच असते. वर गुळगुळीत शीर्षक, मध्ये बुलेटची रांग, आणि खरी गोष्ट तळाशी बारीक अक्षरात. वरिष्ठ माणूस शीर्षक वाचतो, चार्टवर नजर टाकतो आणि पुढे जातो. म्हणून स्लाइड स्वच्छ करण्याचं काम रंग आणि फाँट निवडण्याच्या बऱ्याच आधी सुरू होतं. ते सुरू होतं शीर्षकाच्या एका वाक्यापासून.

आधी वाक्य, मग स्लाइड

हे काम जवळून पाहायचं तर एक नमुना घेऊ. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री पुष्कळ आहेत. अशाच एका मध्यम फाउंड्रीची कल्पना करा. महिन्याला साधारण २०,००० कास्टिंग निघतात. क्वालिटी विभागातल्या एका तरुण इंजिनिअरला ऑक्टोबरच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये प्लांट हेडसमोर रिजेक्शनवर बोलायचं आहे. पुढचे आकडे या नमुन्यापुरते बांधलेले आहेत, पण अशी पीपीटी कुठल्याही फाउंड्रीत सापडेल.

तिच्या पहिल्या फाइलमध्ये १४ स्लाइड आहेत. पहिलीवर कंपनीचा लोगो आणि तारीख, दुसरीवर ‘अजेंडा’, तिसरीवर ‘रिजेक्शन अॅनालिसिस’, चौथीवर ‘डिफेक्टवाइज रिजेक्शन’, पाचवीवर ‘मंथवाइज ट्रेंड’. प्रत्येक स्लाइडवर एक्सेलमधून उचललेलं कोष्टक आहे. बाराव्या स्लाइडवर ‘अॅक्शन प्लॅन’ आहे आणि त्यातल्या सातव्या ओळीत लिहिलंय: ‘कोअर स्टोरेज रूम प्रस्तावित’. तिला मीटिंगमधून मिळवायचं आहे ते नेमकं हेच. पण साहेब तिथपर्यंत पोचतील तेव्हा वीस मिनिटं संपलेली असतील आणि पुढचा विभाग दाराशी उभा असेल.

‘मंथवाइज ट्रेंड’ हे शीर्षक विषय सांगतं, म्हणणं सांगत नाही. ट्रेंड वर आहे की खाली, तो चिंतेचा आहे की नाही, हे वाचणाऱ्यानं स्वतः शोधायचं. आणि वरिष्ठानं शोधायला सुरुवात केली, की तो त्याला जे दिसेल त्यावर प्रश्न विचारतो. सांगणाऱ्याचा मुद्दा बाजूला राहतो आणि मीटिंग ‘मार्चमध्ये शिफ्ट बीचा आकडा एवढा का?’ इथे अडकते.

यावरचा उपाय जुना आहे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी ‘पिरॅमिड प्रिन्सिपल’ या नावानं तो मांडला. उत्तर आधी सांगा आणि त्याचे आधार त्याखाली लावा. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले मायकेल अॅली यांनी इंजिनिअरांच्या स्लाइडसाठी हेच आणखी नेमकं केलं. स्लाइडच्या माथ्यावर विषयाचं नाव न लिहिता पूर्ण वाक्यात विधान करायचं, आणि खाली बुलेटऐवजी त्या विधानाचा दृश्य पुरावा ठेवायचा.

तर आपल्या इंजिनिअरनं पॉवरपॉइंट बंद करून एक कोरा कागद घेतला. त्यावर तिनं फक्त वाक्यं लिहिली, जशी ती साहेबांना जिन्यात भेटल्यावर बोलली असती:

१. पावसाळ्यात वाढलेल्या रिजेक्शननं चार महिन्यांत सुमारे १० लाख रुपये गेले. कोअर ठेवायला बंद खोली हवी, खर्च साडेसहा लाख.

२. रिजेक्शन जूनमध्ये वाढायला लागलं आणि जुलैत ६.९ टक्क्यांवर गेलं.

३. मे ते जुलै वाढलेल्या ५८० खराब कास्टिंगपैकी ५२० ब्लो होलची आहेत.

४. दोन दिवस उघड्यावर राहिलेल्या कोअरनं ब्लो होल चौपट होतात, असं आमच्या चाचणीत दिसलं.

५. खोली १५ मेपर्यंत तयार झाली, तर खर्च दुसऱ्या पावसाळ्यात भरून निघावा.

पाच वाक्यं, पाच स्लाइड. ज्यांना फाउंड्रीची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच: कास्टिंगच्या आत पोकळी हवी असेल तिथे वाळूचा घट्ट गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. कोअरनं हवेतला ओलावा धरला की तापलेला धातू त्यावर पडताना वाफ होते आणि धातूत बुडबुड्याची पोकळी राहते. तो ब्लो होल.

या यादीची परीक्षा सोपी आहे. फक्त वाक्यं एकामागून एक मोठ्यानं वाचायची. ऐकणाऱ्याला गोष्ट समजली पाहिजे आणि प्रत्येक वाक्यानंतर मनात येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या वाक्यात मिळालं पाहिजे. दहा लाख गेले? कधीपासून? जूनपासून. कशामुळे? ब्लो होलमुळे. ते का वाढले? कोअर उघड्यावर राहिले म्हणून. मग काय करायचं? खोली बांधायची. मधलं एखादं वाक्य काढूनही गोष्ट चालत असेल तर ती स्लाइड पुरवणीत जाते. आणि एका वाक्यात दोन वेगळे पुरावे मागणारे दोन दावे ‘आणि’नं जोडले असतील तर त्यांच्या दोन स्लाइड होतात. दुसऱ्या वाक्यात ‘आणि’ आहे, पण तिथे एकच आलेख दोन्ही गोष्टी दाखवतो, म्हणून ते चालतं. पहिल्या वाक्यात नुकसान आणि मागणी दोन्ही आहेत, कारण ती साऱ्या पीपीटीचा सारांश असलेली स्लाइड आहे. साहेबांना मध्येच फोन आला आणि ते उठून गेले, तरी त्यांना काय मागितलं आहे ते कळलेलं असतं.

दहा लाखांचा आकडा कुठून आला, हेही त्या स्लाइडवर एका ओळीत हवं. मेमधलं ४ टक्के हे नेहमीचं रिजेक्शन धरलं तर जूनमध्ये २४०, जुलैत ५८०, ऑगस्टमध्ये ५२० आणि सप्टेंबरमध्ये ३२० कास्टिंग जास्तीची गेली. एकूण १,६६०. धातू पुन्हा वितळवून जे परत मिळतं ते वजा करून दर कास्टिंगमागे ६०० रुपयांचं नुकसान धरलं तर ९ लाख ९६ हजार होतात. स्लाइडवर ‘सुमारे १० लाख’ लिहायचं आणि खाली ‘१,६६० कास्टिंग × ₹ ६००’. एवढं दिसलं की साहेब आकड्याच्या खरेपणावर दहा मिनिटं घालवत नाहीत. ६०० रुपये बरोबर आहेत का, हा एकच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर अकाउंट्सकडून आधीच घेऊन ठेवता येतं.

वाक्य म्हणेल तो चार्ट

आता तिसरी स्लाइड जवळून पाहू, कारण चार्ट बिघडतात ते अशाच ठिकाणी. जुन्या फाइलमध्ये इथे दोन पाय चार्ट होते, एक मेचा आणि एक जुलैचा. दोन्हींत पाच रंगांच्या पाच फोडी: ब्लो होल, सँड इन्क्लूजन, कोल्ड शट, श्रिंकेज आणि इतर. बाजूला रंगांची यादी. वर त्रिमितीचा ठसकाही होता.

पाय चार्ट सव्वादोनशे वर्षांचा आहे. स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर यांनी तो १८०१ मध्ये छापला. एका पूर्णाचे दोन-तीन भाग दाखवायला तो चालतो. पण इथे वाचणाऱ्याला एका वर्तुळातली फोड दुसऱ्या वर्तुळातल्या फोडीशी ताडायची आहे, आणि हे डोळ्याला जड जातं. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये लोकांना वेगवेगळ्या आकृत्या दाखवून कशातून मोजमाप अचूक कळतं ते तपासलं. एकाच पट्टीवरच्या बिंदूंची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो, त्याखालोखाल लांबी, आणि कोन व क्षेत्रफळ त्याच्या मागे पडतात. पाय चार्ट कोनांवर आणि क्षेत्रफळांवर चालतो. त्रिमितीत तर पुढची फोड मागच्यापेक्षा मोठी भासते, म्हणजे चार्ट खोटं बोलू लागतो.

मग दोन महिन्यांचे खांब शेजारी शेजारी लावायचे का? ते बरं, पण अजूनही दहा खांब होतात आणि फरकाचं गणित वाचणाऱ्याकडेच राहतं. आपलं वाक्य काय म्हणतंय? वाढलेल्या ५८० पैकी ५२० ब्लो होलची. म्हणजे वाक्याला मेचा आकडाही नको आणि जुलैचाही नको. त्याला हवी आहे वाढ. मग वाढच काढायची. ब्लो होल मेमध्ये १७० होते, जुलैत ६९०, म्हणजे ५२० नं वाढले. सँड इन्क्लूजन २० नं, कोल्ड शट १५ नं, श्रिंकेज १० नं आणि इतर १५ नं. हे पाच आकडे पाच आडव्या पट्ट्यांत मांडले की एक पट्टी स्लाइडभर पसरते आणि बाकीच्या चार बोटभर उरतात. शीर्षक वाचून नजर खाली आली की पुरावा समोरच असतो.

आडव्या पट्ट्यांचा एक सरळ फायदा आहे. ‘सँड इन्क्लूजन’सारखी लांब नावं पट्टीच्या डावीकडे सरळ वाचता येतात. उभ्या खांबांखाली तीच नावं तिरकी होतात आणि मान वाकडी करावी लागते.

एक्सेलमध्ये हा चार्ट काढताना एक गोष्ट हटकून चकवते. कोष्टकात पहिली असलेली ओळ आडव्या पट्ट्यांच्या चार्टमध्ये सर्वांत खाली जाते. मोठा आकडा वर ठेवून क्रम लावला तरी चार्टमध्ये तो तळाशी दिसतो. त्यासाठी नावांच्या अक्षावर उजवी क्लिक करून `Format Axis` मध्ये जायचं आणि `Categories in reverse order` ला टिक करायचं. मग पट्ट्यांवर उजवी क्लिक करून `Format Data Series` मधला `Gap Width` कमी करायचा. पट्ट्या मुळात किडकिडीत येतात आणि मधली रिकामी जागा त्यांच्यापेक्षा रुंद असते. ५० ते ६० टक्क्यांवर आणलं की पट्ट्या भरीव दिसतात.

त्यानंतरचं काम वजाबाकीचं. मागच्या आडव्या-उभ्या रेघा काढायच्या. प्रत्येक पट्टीच्या टोकाला आकडा लिहायचा, आणि तो लिहिल्यावर खालच्या अक्षावरचे ०, १००, २०० पुसून टाकायचे, कारण एकच माहिती दोनदा कशाला? रंगांची यादी काढायची, कारण नावं शेजारीच आहेत. चार पट्ट्या करड्या आणि ब्लो होलची एक गडद. हा एक रंग साहेबांना सांगतो की इथे बघा. पाचही पट्ट्यांना पाच रंग दिले तर कुठे बघायचं ते कोणीच सांगत नाही.

‘इतर’ ही पट्टी कितीही मोठी असली तरी क्रमात शेवटीच ठेवायची. ती एका दोषाचं नाव नाही, उरलेल्यांची बेरीज आहे. मध्ये आली तर तीही एक दोष वाटते.

दुसऱ्या स्लाइडला मात्र पट्ट्या नकोत. तिचं वाक्य काळाबद्दल बोलतं: जूनमध्ये वाढायला लागलं, जुलैत टोक गाठलं. काळ डावीकडून उजवीकडे जातो, म्हणून तिथे रेषा. एप्रिल ४.१, मे ४.०, जून ५.२, जुलै ६.९, ऑगस्ट ६.६, सप्टेंबर ५.६. सहा बिंदूंच्या रेषेवर सहाही आकडे लिहायची गरज नाही. मेचा ४.० आणि जुलैचा ६.९ लिहिला की शीर्षकातली गोष्ट पूर्ण होते. जून ते सप्टेंबरच्या मागे फिकट पट्टा देऊन त्यात ‘पावसाळा’ एवढा एक शब्द लिहिला, तर रेषा का चढली याचा अंदाज बघणारा स्वतःच बांधतो आणि पुढच्या स्लाइडसाठी तयार होतो.

खांब किंवा पट्ट्या काढताना अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा, कारण तिथे डोळा लांबी मोजत असतो. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल अक्षाची सुरुवात आपोआप वर सरकवतं. जुलैचा ६.९ आणि ऑगस्टचा ६.६ हे दोनच खांब काढले आणि अक्ष ६.४ पासून सुरू झाला, तर जुलैचा खांब ऑगस्टच्या अडीचपट उंच दिसेल. फरक मात्र जेमतेम ०.३ टक्क्यांचा आहे. हे ओळखायला एकच खूण पुरते: अक्षावरचा सर्वांत खालचा आकडा वाचायचा. रेषेच्या आलेखात डोळा उतार पाहतो, त्यामुळे तिथे शून्याची सक्ती नाही. पण मग अक्षावरचे आकडे ठळक दिसायला हवेत.

मोबाइलवर उघडेल तेव्हा

साहेब पीपीटी कुठे पाहतात? मीटिंगच्या खोलीत प्रोजेक्टरवर, हे तर आहेच. पण आदल्या रात्री ‘एकदा पाठवून ठेव’ असा निरोप येतो आणि फाइल व्हॉट्सअॅपवर जाते. तिथे अक्षरांचं खरं माप कळतं. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंचांची असते. साडेसहा इंची फोन आडवा धरला तर ती साधारण पावणेपाच इंच रुंद दिसते, म्हणजे मूळच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त. २४ पॉइंटचं अक्षर तिथे साडेआठ पॉइंटचं होतं; वर्तमानपत्र वाचणारा ते वाचू शकतो. १२ पॉइंटचं अक्षर चार पॉइंटवर येतं आणि बोटांनी मोठं करावं लागतं. चार्टमधले आकडे तर बहुतेक वेळा ठरलेल्या १०-१२ पॉइंटवरच राहून जातात, कारण शीर्षक मोठं करताना चार्टच्या आतलं कोणी बघत नाही. शीर्षक २८, मजकूर आणि चार्टमधले आकडे १८ च्या खाली नाही, एवढं ठरवलं की स्लाइडवर किती मावेल तेही आपोआप ठरतं. जागा पुरत नसेल तर शब्द कमी करायचे, अक्षर लहान करायचं नाही.

पीपीटी मराठीत असेल तर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुने, युनिकोड नसलेले फाँट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसले की सगळा मजकूर चिन्हांच्या जंजाळात बदलतो. निर्मला किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्त यांसारखे युनिकोड फाँट वापरले, तर फाँट नसला तरी निदान दुसऱ्या देवनागरी फाँटमध्ये मजकूर वाचता येतो. सोबत पीडीएफ पाठवली की तीही काळजी मिटते. दुसरं म्हणजे देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं असतात. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. ओळींमधलं अंतर १.२ च्या आसपास नेलं की दोन ओळींचं शीर्षक मोकळं दिसतं.

प्रोजेक्टरवर आणखी एक गोष्ट घडते. दिवसा खिडक्या उघड्या असल्या की पिवळा आणि फिकट निळा पडद्यावर उरतच नाहीत. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारी माणसंही असतात, आणि कचेऱ्यांत ‘लाल म्हणजे वाईट, हिरवं म्हणजे चांगलं’ हे सर्रास चालतं. करडा आणि गडद निळा ही जोडी दोन्ही ठिकाणी टिकते. स्लाइड काळ्या-पांढऱ्यात छापून पाहिली की चार्ट नुसत्या रंगावर उभा होता का ते लगेच कळतं.

शीर्षकानं किती बोलावं

या पद्धतीत एक धोका आहे, आणि तो कोलंबियाच्या त्या स्लाइडवरच दिसतो. तिचं शीर्षक विषयाचं नाव नव्हतं; ते निष्कर्षच सांगत होतं. निष्कर्ष मात्र पुराव्यापेक्षा जास्त बोलत होता. स्पष्ट वाक्य लिहायची सवय लागली की माणूस ठाम वाक्य लिहू लागतो, आणि वरिष्ठ त्या ठामपणावर निर्णय घेतो. म्हणून शंका तळाच्या ओळीत न ठेवता शीर्षकाच्या जवळ आणावी लागते.

आपल्या इंजिनिअरची चौथी स्लाइड याच कसोटीवर दोनदा बदलली. आधी तिनं लिहिलं होतं: ‘उघड्यावरच्या कोअरमुळे ब्लो होल होतात.’ तिच्या हाती काय होतं? ऑगस्टच्या एका आठवड्यात तिनं त्याच दिवशी बनवलेल्या कोअरवर ५०० कास्टिंग काढली, त्यात ब्लो होल ५ निघाले. दोन दिवस शेडमध्ये उघड्यावर राहिलेल्या कोअरवर आणखी ५०० काढली, त्यात २१ निघाले. म्हणजे १ टक्का आणि ४.२ टक्के. फरक मोठा आहे. पण चाचणी एकदाच झाली, एकाच शिफ्टमध्ये, एकाच पार्टवर. वाळूतला ओलावा दोन्ही वेळी सारखा होता का, याची नोंद फक्त काही हीटची होती.

नवं शीर्षक असं झालं: ‘दोन दिवस उघड्यावर राहिलेल्या कोअरनं ब्लो होल चौपट झाले (एक आठवडा, एक पार्ट, १,००० कास्टिंग)’. खाली दोन पट्ट्या आणि त्यांच्या टोकाला नुसती टक्केवारी न लिहिता ‘५०० पैकी ५’ आणि ‘५०० पैकी २१’. टक्केवारी लहान नमुना झाकून ठेवते. ‘५०० पैकी २१’ तो उघडा ठेवतो. साहेबांनी ‘अजून एका पार्टवर करून बघा’ म्हटलं तर ते स्लाइडवरूनच समजून म्हणतील. महिन्याभरानं दुसऱ्या कोणाकडून कमीपणा कळण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

पाचवी स्लाइडही याच रीतीनं बांधली. खोलीमुळे जास्तीचं सगळं नुकसान थांबेल असं ती म्हणत नाही. निम्मं थांबेल असं धरते, म्हणजे एका पावसाळ्यात साधारण ५ लाख, आणि ‘निम्मं’ हा अंदाज आहे असं तिथेच लिहिते. साडेसहा लाखांचा खर्च पहिल्या पावसाळ्यात पूर्ण निघत नाही, दुसऱ्यात निघतो. खोलीचे दर दोन ठेकेदारांकडून आले आहेत, ते पुरवणीत.

काही विषय मात्र पाच वाक्यांत बसत नाहीत. भट्टीच्या अपघाताची चौकशी असो किंवा नव्या मिश्रधातूचा अभ्यास, तिथे प्रत्येक पायरीला ‘जर’ आणि ‘पण’ असतात आणि ते काढले की म्हणणंच बदलतं. तिथे दोन-तीन पानांचं टिपण लिहून आधी वाचायला देणं आणि मीटिंगमध्ये फक्त आलेख दाखवणं हा रस्ता बरा. अॅमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांत जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये पीपीटी बंद करून लिहिलेली टिपणं सुरू केली, ती याच कारणानं.

जुन्या फाइलमधल्या कोष्टकांचं काय झालं? ती टाकून दिली नाहीत. ‘पुरवणी’ असं लिहिलेल्या एका स्लाइडच्या मागे ती ओळीनं लावली आणि कुठलं कोष्टक कितव्या नंबरवर आहे ते तिनं वहीत टिपून ठेवलं. स्लाइड शो चालू असताना नंबर दाबून एंटर मारलं की पॉवरपॉइंट थेट त्या स्लाइडवर जातं. मागे-पुढे सरकत शोधावं लागत नाही.

आदल्या संध्याकाळी तिनं शेजारच्या मेंटेनन्स विभागातल्या एकाला बोलावलं. प्रत्येक स्लाइड दहा सेकंद दाखवली, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि विचारलं, ‘काय कळलं?’ पहिल्या तिन्हींना त्यानं शीर्षकातलीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली. चौथीला म्हणाला, ‘शेडमधले कोअर वाईट आहेत.’ पाचवीला मात्र तो अडला: ‘साडेसहा लाख कधी द्यायचे ते कळलं नाही.’ मजकुरात तारीख खोली तयार होण्याची होती, पैशांची नव्हती. तिनं शीर्षकाखाली एक ओळ वाढवली, ‘मंजुरी जानेवारीअखेर हवी, बांधकामाला तीन महिने’, आणि फाइल पाठवली.

मीटिंगमध्ये दुसऱ्या स्लाइडवर साहेबांचा पहिला प्रश्न येणार हे तिला ठाऊक आहे: ‘मागच्या वर्षी पावसाळ्यात काय होतं?’ तिनं वहीत लिहून ठेवलंय: नऊ, एंटर.